पोटातली चिठ्ठी

जुनं व्हायोलिन ज्या घरात असतं त्या घरात त्याची एक गोष्टही असते, आणि व्हायोलिन मोडलं तरी गोष्ट मोडत नाही. या गोष्टीत बहुधा एक इंग्रज साहेब असतो. विलायतेला परत जाताना तो आपलं लाडकं वाद्य आजोबांच्या हाती सोपवून जातो. आजोबा पोस्टात कारकून होते, त्यांना सा लावता येत नव्हता, आणि साहेबाच्या ओळखीत वाजवणारे दहा जण होते, तरी आजोबांनाच का, हे कुणी विचारत नाही. काही घरांत साहेबाच्या जागी कर्जात बुडालेला पारशी गृहस्थ असतो, संस्थानी गावांत खुद्द महाराज असतात, आणि गोव्याकडे लिस्बनहून आलेला पाद्री. गोव्याच्या गोष्टीत निदान थोडं तथ्य असायला जागा आहे, कारण तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना खरोखरच व्हायोलिन शिकवत, आणि ती मुलं पुढे मुंबईत येऊन सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. पण साहेब असो की पाद्री, गोष्टीचा शेवट सगळीकडे एकच. सांगणारा आवाज खाली आणतो, दाराकडे एकदा बघून घेतो आणि म्हणतो, “आणि आत चिठ्ठी आहे!”

मी व्हायोलिनच्या दुरुस्तीवर पोट भरत नाही. एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात बरीच वर्षं रिकामटेकडा बसत असे, तिथे सरस कसा उकळायचा आणि गिऱ्हाइकाला वाईट बातमी कशी द्यायची या दोन गोष्टी शिकलो. पहिली फारशी उपयोगी पडली नाही. दुसरीची गरज मात्र पडते, कारण ओळखीपाळखीतल्या माळ्यांवरून खाली उतरलेली व्हायोलिनं शेवटी माझ्याकडे येतात. तसे बायकोचे मामा आले. जुन्या चादरीत गुंडाळलेली पेटी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला लावून दहा रुपये वर दिले होते.

“जावईबापू, विकायचं नाहीये हं,” मामा बसता बसता म्हणाले. “फक्त किंमत सांगा.” पाणी प्यायले आणि म्हणाले, “आणि विकलंच समजा, तर त्यावर टॅक्स किती बसेल?”

मामांनी अभ्यास केला होता, हीच अडचण होती. चिठ्ठीवरचं साल १७२१. त्यांच्या मुलाने फोनवर शोधलं तर १७२१ सालचं ‘लेडी ब्लंट’ नावाचं स्ट्रॅडिव्हेरियस निघालं. लॉर्ड बायरनच्या नातीकडे एकेकाळी असलेलं, म्हणून तिचं नाव त्याला चिकटलेलं. ते २०११ साली लिलावात सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलरला गेलं आणि पैसे जपानमधल्या भूकंपग्रस्तांच्या मदतीला दिले गेले. मामांना लिलाव पटला होता, भूकंपग्रस्तांचा भाग पटला नव्हता.

चिठ्ठी मी बघितली. व्हायोलिनच्या अंगावर ‘एफ’ अक्षरासारखी दोन भोकं असतात, त्यांतल्या डावीकडच्या भोकातून टॉर्च मारला की पाठीच्या फळीवर चिकटवलेला कागद दिसतो. त्यावर लॅटिनमध्ये छापलेलं होतं: अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस क्रेमोनेन्सिस फासिएबात आनो १७२१. म्हणजे क्रेमोना गावच्या अंतोनियो स्ट्रॅडिव्हेरीने अमुक साली बनवलं. उजवीकडे दुहेरी वर्तुळात एक क्रॉस आणि खाली ए आणि एस ही अक्षरं. सगळं जिथल्या तिथे होतं. अशा चिठ्ठ्यांवर नेहमीच सगळं जिथल्या तिथे असतं.

आता हिशोब बघा. स्ट्रॅडिव्हेरी १७३७ साली गेला. सत्तरएक वर्षं तो कामाला बसत होता, आणि त्याची आज शिल्लक असलेली सगळी वाद्यं, चेलो वगैरे धरून, साडेसहाशेच्या आसपास आहेत. ती कुणाकडे आहेत, कुणाकडून कुणाकडे गेली, कुठे चीर पडली आणि कुणी सांधली, याच्या नोंदी आहेत. पण त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या असलेली व्हायोलिनं जगात लाखांनी आहेत. म्हणजे आत स्ट्रॅडिव्हेरीचं नाव आहे यावरून, ते वाद्य स्ट्रॅडिव्हेरीचं नाही असाच अंदाज बांधणं शहाणपणाचं ठरतं.

एवढ्या चिठ्ठ्या आल्या कुठून? बहुतेक जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातून, मार्कनॉयकिर्शेन नावाच्या गावातून आणि डोंगरापलीकडच्या बोहेमियातल्या शोनबाखमधून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात घरोघरी व्हायोलिनं होत. अख्खं व्हायोलिन मात्र क्वचितच एका घरात होई. एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या फक्त माना आणि स्क्रोल कोरायचं, म्हणजे वरचं ते गोगलगाईसारखं वळलेलं टोक. दुसरं फक्त पाठीच्या फळ्या तासायचं, तिसरं खुंट्या करायचं. सुटे भाग टोपल्यांत भरून व्यापाऱ्याकडे जायचे, तिथे जुळवाजुळव, मग रंग, मग चिठ्ठी, मग खोकं. या गावाचा अमेरिकेशी व्यापार इतका वाढला की अमेरिकन सरकारने तिथे स्वतःची वकिलातीची कचेरी उघडली. अमेरिकेत सीअर्स रोबक कंपनीच्या जाडजूड कॅटलॉगमधून ‘स्ट्रॅडिव्हेरियस मॉडेल’ व्हायोलिन थोडक्या डॉलरांत, गज आणि पेटीसकट, शेतकऱ्याच्या घरी पोस्टाने पोचायचं. त्या शेतकऱ्याला कुणी फसवलं नव्हतं. एवढ्या पैशात इटलीतल्या मेलेल्या माणसाने आपल्यासाठी काही बनवलं असेल, असा त्याचा समज नव्हता.

व्यापाऱ्याच्या मनात चिठ्ठीचा अर्थ होता ‘या धाटणीचं’. पुण्यात एखाद्या हॉटेलावर ‘अस्सल कोल्हापुरी’ अशी पाटी असते, तेव्हा रस्सा कोल्हापूरहून डब्यात येतो असं आपण धरत नाही. तिखट असेल एवढंच धरतो. स्ट्रॅडिव्हेरीची धाटणी हवी तर ही चिठ्ठी, ग्वार्नेरीची हवी तर ती, पोट जरा फुगीर असेल तर ऑस्ट्रियातल्या अब्सामच्या याकोब श्टायनरची. श्टायनरच्या चिठ्ठीत तर गंमतच आहे. त्याच्या अस्सल चिठ्ठ्या हाताने लिहिलेल्या असत. तेव्हा सुबक छापील श्टायनर दिसला की पुढे बघायचीही गरज राहत नाही. फसवणूक खरी झाली ती नंतर. शेतकरी गेला, त्याचा मुलगा गेला, आणि नातवाने माळ्यावर टॉर्च मारला.

मामांना मी हे सगळं सांगितलं. मामा शांतपणे म्हणाले, “ते अमेरिकेचं झालं. हे तर मुंबईत घेतलंय.”

“साहेबाने दिलं म्हणत होतात ना?”

“साहेबाने मुंबईत दिलं,” मामा म्हणाले.

खरं तर चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याजोगी एखादी ओळ सापडू शकते, पण ती लॅटिनमध्ये नसते. इंग्लंडने १८८७ साली मालावरच्या खुणांचा कायदा केला. माल आपल्याच देशातला आहे असा आभास निर्माण करून विकण्याला त्याने चाप लावला. त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात १८८९ साली आला. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात परदेशी मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत लिहिण्याची सक्ती केली आणि ती १८९१ पासून लागू झाली. तेव्हापासून कित्येक चिठ्ठ्यांवर, १७२१ सालच्या क्रेमोनाखाली, बारीक अक्षरांत ‘मेड इन जर्मनी’ येऊ लागलं. वरची ओळ मोठेपणासाठी, खालची कस्टमच्या भीतीने. तारीख ठरवायची तर भीतीने छापलेली ओळ धरावी. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर वाद्य १९१८ च्या आधीचं नाही, कारण त्याआधी तो देशच नव्हता. जर्मनीच्या पुढे ‘यू. एस. झोन’ असेल तर दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची, अमेरिकन अंमलाखालची थोडी वर्षं, त्याबाहेरचं नाही. स्ट्रॅडिव्हेरीला आपण कोणत्या देशात राहतो हे लिहायची वेळ आली नाही. त्याने गावाचं नाव लिहिलं आणि भागलं.

उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही, आणि हुशार नातू नेमके इथेच घसरतात. “देशाचं नाव नाही, म्हणजे १८९१ च्या आधीचं!” असं म्हणतात. पण सक्ती अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होती. दुसरीकडे गेलेल्या खोक्यातल्या चिठ्ठीवर देश नसला तर नवल नाही. शिवाय देशाचं नाव कधी पेटीवर असे, कधी बाहेरच्या कागदावर, आणि कधी आतल्या चिठ्ठीची खालची कड कुणीतरी नखाने अलगद खरवडून काढलेली असे. मामांच्या चिठ्ठीवर देश नव्हता. कड मात्र सरळ होती. तिथे कुणी नख लावलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं, कारण आजोबांची अब्रूही राखायला हवी.

एक बारकावा चिठ्ठीतच होता. १७०० च्या सुमारापासून स्ट्रॅडिव्हेरीच्या चिठ्ठीवर सालातला फक्त पहिला ‘१’ छापलेला असे, पुढचे तीन आकडे तो शाईने लिही. मामांच्या चिठ्ठीवर चारही आकडे छापलेले, एकाच ठशाचे. दरवर्षी नव्या चिठ्ठ्या छापून घेण्याइतकी उधळपट्टी क्रेमोनाच्या त्या माणसाने केली नसती. पण हेही मी पुरावा म्हणून फार ताणत नाही. चिठ्ठी खोटी ठरली म्हणून वाद्य खोटं ठरत नाही. अस्सल जुन्या वाद्यांतल्या चिठ्ठ्या दुरुस्तीत निघून गेल्या आहेत, महाग नावासाठी बदलल्या गेल्या आहेत, आणि एका वाद्याची अस्सल चिठ्ठी दुसऱ्याच वाद्यात जाऊन बसल्याची उदाहरणं आहेत. कागद ओल्या फडक्याने सुटतो आणि सरसाने चिकटतो. व्हायोलिनच्या सगळ्या भागांत बदलायला सोपा भाग तोच. म्हणून जाणकार चिठ्ठी शेवटी वाचतात. आधी लाकूड वाचतात.

मी वाद्य उलटं केलं. स्क्रोलच्या मागच्या बाजूला दोन पन्हळी कोरलेल्या असतात. त्या वरून फिरत खाली येतात आणि खुंट्यांच्या पेटीखाली जातात. क्रेमोनाचा कारागीर ही पन्हळ पुढच्या बाजूलाही, स्क्रोल जिथे पेटीला टेकतो त्या अडचणीच्या सांध्यापर्यंत कोरत नेई. तिथे छिन्नी नीट बसत नाही, वेळ जातो आणि बघणाऱ्याला काही दिसतही नाही. सॅक्सनीत स्क्रोल डझनावर जायचे. तिथला माणूस पन्हळ थोडी अलीकडेच थांबवी. मामांच्या स्क्रोलवर ती थांबली होती. कोणीतरी सांजवेळी शंभरावा स्क्रोल करत होता आणि त्याला घरी जायचं होतं.

मग मान. १७२१ साली व्हायोलिनची मान थोडी आखूड असे, फारशी मागे कललेली नसे, आणि आतल्या ठोकळ्यातून खिळे मारून बसवलेली असे. १८०० च्या आगेमागे मोठ्या सभागृहांसाठी जास्त ताणाच्या तारा, जास्त आवाज हवा झाला आणि जुन्या वाद्यांच्या माना काढून लांब आणि मागे कललेल्या माना बसवल्या गेल्या. पण कारागिराचा हात स्क्रोलमध्ये दिसतो, म्हणून जुना स्क्रोल फेकला नाही. नव्या मानेवर त्याचं कलम केलं. तेव्हा खरं १७२१ चं वाद्य असेल तर खुंट्यांच्या पेटीच्या दोन्ही गालांवर सांध्याची रेघ दिसायला हवी. मामांच्या वाद्यावर रेघ दिसली, आणि मामा उठून उभे राहिले. मी भिंग लावलं. रेघ लाकडाच्या पृष्ठभागावर कोरलेली होती. मेपलच्या लाकडावरचे आडवे पट्टे रेघेच्या अलीकडून पलीकडे जसेच्या तसे, न तुटता गेले होते. खरं कलम असतं तर पट्टे तिथे तुटले असते, कारण लाकूड दोन झाडांचं असतं. म्हणजे सॅक्सनीतल्या कुणीतरी, जी दुरुस्ती झालीच नव्हती, तिचा व्रण नव्या वाद्यावर काढला होता. या माणसाबद्दल मला आदर वाटतो. घरी जायची घाई स्क्रोलवाल्याला होती, याला नव्हती.

मामा खाली बसले. “आत बघा,” म्हणाले. “आत काहीतरी आहे. आमची आजी नेहमी म्हणायची. हलवलं की वाजतं.”

हलवलं. वाजलं. तीन पिढ्या हे व्हायोलिन कानाशी धरून हलवत आल्या होत्या. आत एक बोटाएवढी स्प्रूसची दांडी सुटी पडली होती. ती वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये नुसत्या दाबाने उभी असते, सरस नसतो. सगळ्या तारा एकदम सैल केल्या की पडते. तिच्याशिवाय आवाज पोकळ येतो आणि त्या अवस्थेत तारा ताणल्या तर वरची फळी खचू शकते. साहेबाचा हिरा निघाला नाही, पण आजोबांनी ते कधीच का वाजवलं नाही, त्याचा उलगडा झाला.

शेपटीकडची खुंटी उपसून त्या भोकाशी डोळा लावला आणि एफच्या भोकातून प्रकाश टाकला की आतलं घर दिसतं. दंतवैद्याचा लांब दांडीचा आरसाही चालतो. चांगल्या कामात आतल्या प्रत्येक कोपऱ्यात लाकडाचा ठोकळा असतो. क्रेमोनात आधी लाकडी साचा घेऊन त्याला ठोकळे लावत, मग वाफवून वाकवलेल्या पातळ बाजू त्याभोवती बसवत. सॅक्सनीत साचा नव्हता. बाजू सरळ पाठीवरच उभ्या करत आणि कोपरे एकमेकांना चिकटवत. ठोकळा लागतच नसे. मामांच्या व्हायोलिनच्या वरच्या कोपऱ्यांत काहीच नव्हतं. खालच्या कोपऱ्यांत, एफमधून डोकावणाऱ्याला दिसेल तिथे, पातळ फळकुटं तिरकी चिकटवली होती, ठोकळ्याचा भास व्हावा म्हणून. आणि वरच्या फळीच्या पोटाला, जाड तारेच्या बाजूने, जी लांब पट्टी वेगळी करून सरसाने बसवायची असते, ती फळीतूनच कोरून ठेवली होती; छिन्नीचे खडबडीत घाव जसेच्या तसे. बाहेरून दीडशे वर्षांची झीज दाखवणारा कारागीर आत मात्र अगदी प्रामाणिक होता.

त्या झिजेबद्दलही बोललं पाहिजे. पाठीवर मधोमध वॉर्निश फिकट सोनेरी आणि कडेला गडद तपकिरी होतं, वापरून वापरून झिजावं तसं. पण व्हायोलिन वाजवताना पाठीच्या मधोमध काहीच लागत नाही. झिजायला हवं ते हनुवटी टेकते तिथे आणि डावा हात खांद्याशी वर चढतो तिथे. तिथला रंग ताजा होता. ज्याने हे व्हायोलिन दीडशे वर्षं वाजवलं, तो बहुतेक ते पाठीवर घासत वाजवत असावा.

एवढं झाल्यावर मामांनी शेवटचं अस्त्र काढलं. “झाडाची वर्षं मोजतात म्हणे. ती मोजा.”

मोजतात. आणि ते शास्त्र चिठ्ठीपेक्षा शतपट बरं आहे, पण तेही जन्मदाखला देत नाही. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूसची, म्हणजे देवदाराच्या जातभाईची. तिच्यावर उभ्या बारीक रेघा दिसतात, ती झाडाची वर्षं. पाऊस-थंडीप्रमाणे काही वर्षं रुंद, काही अरुंद. सगळ्या रेघांची रुंदी मोजली की एक नक्षी मिळते आणि आल्प्समधल्या स्प्रूसच्या, सालवार ठाऊक असलेल्या नक्षीवर ती सरकवून बघायची. जुळली तर सर्वांत बाहेरची रेघ कोणत्या सालची ते कळतं. वाद्य त्या सालाच्या आधीचं असू शकत नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. नंतर किती वर्षांनी बनलं ते कळत नाही, कारण सालीजवळचं लाकूड तासून गेलेलं असतं आणि फळ्या कित्येक वर्षं वाळत पडलेल्या असतात. जुन्या फळीवर नवा कारागीरही काम करू शकतो. पाठीच्या मेपलवर हे जमत नाही. तिथल्या रेघा त्या कामाच्या नसतात.

हे शास्त्र सर्वांत जास्त गाजलं ते एका अशा व्हायोलिनवरून, ज्याची चिठ्ठी जगात सर्वाधिक पूज्य आहे. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात काचेच्या कपाटात ‘मसाया’ नावाचं स्ट्रॅडिव्हेरियस आहे. चिठ्ठी १७१६ ची. ते जवळजवळ वाजवलंच गेलेलं नाही. कालपरवा दुकानातून आणल्यासारखं दिसतं, आणि तोच संशयाचा मुद्दा. स्ट्रॅडिव्हेरीच्या मुलाकडून ते कोझिओ नावाच्या काउंटने घेतलं, त्याच्याकडून लुइजी तारिसिओ या फिरत्या दलालाने. तारिसिओ पॅरिसला गेला की या व्हायोलिनची वर्णनं करायचा, पण ते कधी सोबत आणायचा नाही. म्हणून एका वादकाने वैतागून टोमणा मारला की हे येणार येणार म्हणतात आणि कधी येत नाही, तारणहार मसायासारखं. तेच नाव पडलं. तारिसिओ मेल्यावर १८५५ साली ते पॅरिसच्या जाँ-बाप्तिस्त व्हियोमने घेतलं. हा व्हियोम कोण? तर युरोपातला सर्वांत निष्णात नक्कलकार. पॅगानिनीच्या व्हायोलिनची त्याने केलेली नक्कल खुद्द पॅगानिनीला पटकन ओळखता आली नाही, अशी गोष्ट सांगतात. अशा माणसाच्या हातून पुढे आलेलं कोरंकरकरीत स्ट्रॅडिव्हेरियस, मग लोकांनी भुवया उंचावल्या तर काय चुकलं?

१९९० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कचे वाद्यतज्ज्ञ स्ट्युअर्ट पोलेन्स यांनी शंका जाहीर मांडली. जर्मन तज्ज्ञ पीटर क्लाइन यांनी फोटोंवरून मोजलं तेव्हा लाकडात १७३८ सालची रेघ दिसते असं निघालं. स्ट्रॅडिव्हेरी १७३७ मध्ये गेला. म्हणजे तो गेला तेव्हा झाड जंगलात उभं होतं. व्हायोलिनच्या जगात हलकल्लोळ झाला. मग इंग्लंडच्या जॉन टॉफम आणि डेरेक मॅककॉर्मिक यांनी प्रत्यक्ष वाद्य मोजून शेवटची रेघ १६८२ ची सांगितली. पुढे अमेरिकन तज्ज्ञांच्या गटाने स्वतंत्रपणे मोजलं, त्यांचं उत्तर १६८७. दोन्ही उत्तरांत १७१६ आरामात बसतं. नंतर तर या फळीची नक्षी स्ट्रॅडिव्हेरीच्या दुसऱ्या एका व्हायोलिनशी इतकी जुळली की एकाच झाडाची असावी असं दिसलं. आता बहुतेक तज्ज्ञ मसाया अस्सल धरतात. पण बघा, यात चिठ्ठी कुणी साक्षीला बोलावली नाही. १७१६ हे साल आरोपी म्हणून उभं होतं आणि झाडाने त्याला सोडवलं.

आणि तरीही चिठ्ठीला पूर्ण निकामी म्हणायची माझी छाती नाही. स्ट्रॅडिव्हेरीच्या जन्माची नोंद कुठल्याच चर्चमध्ये सापडलेली नाही. तो १६४४ च्या सुमारास जन्मला असं पुस्तकांत छापतात ते त्याच्या म्हातारपणच्या काही चिठ्ठ्यांवरून. १७३६ च्या एका चिठ्ठीवर ‘वय ९२’ असं लिहिलंय, वजाबाकी करा. तो निकोलो अमातीचा शिष्य होता, या सर्वांना पाठ असलेल्या गोष्टीचाही मुख्य आधार १६६६ ची एक चिठ्ठी. सगळं आयुष्य चिठ्ठ्यांवर उभं, आणि त्या चिठ्ठ्यांवरही तज्ज्ञ भांडतात, अगदी त्या वयाच्या आकड्यांवर सुद्धा.

मामांच्या वाद्याची रेघामोजणी मी केली नाही. तो खर्च व्हायोलिनच्या किमतीपेक्षा जास्त झाला असता. माझं मत मी स्पष्ट सांगितलं: सॅक्सनी किंवा बोहेमिया, १८९० ते १९१४ च्या दरम्यानचं, घरोघरी बनलेल्या सुट्या भागांचं. खुंट्या आणि बोटं ठेवायची पट्टी रंगवलेल्या लाकडाची, आबनूस नाही. चीर कुठे नाही. दांडी उभी केली, नवी घोडी आणि तारा बसवल्या, गजाला नवे केस घातले तर शिकणाऱ्या मुलाला दहा वर्षं सहज पुरेल, आणि आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त नव्या व्हायोलिनांतल्या बऱ्याचशांपेक्षा बरं वाजेल. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे जर्मन.” पुन्हा एकदा म्हणाले, “जर्मन. मग साहेब जर्मन असणार.” गोष्ट दुरुस्त झाली आणि मामा चहा प्यायले.

आता वाचकांना एक विनंती. घरी असं व्हायोलिन असेल आणि कुणा जाणकाराला दाखवायचं असेल, तर चिठ्ठीचा फोटो पाठवू नका. तो त्याच्याकडे आहे, शेकड्यांनी आहे. स्क्रोलचे फोटो पाठवा: समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी. पुढची आणि पाठीची पूर्ण बाजू दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. कोपरे जवळून. मान अंगाला जुळते तो सांधा. तारा काढायच्या असतील तर एकेक करून काढा, सगळ्या एकदम नको. चिठ्ठी आत राहू द्या, तिला खरवडू नका, ओली करू नका. आणि साहेबाची गोष्ट शेवटी सांगा, फोटो बघून झाल्यावर.